मेलवरची पिवळी पट्टी नेमकं काय सांगते?

ऑफिसची मेल यंत्रणा सांभाळणाऱ्याला एक फोन ठरलेला असतो. "अहो, मेलवर पिवळी पट्टी आलीय. उघडू का?" मी विचारतो, "काय लिहिलंय पट्टीवर?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "नेहमीचंच काहीतरी, इंग्रजीत."

त्या दिवशी अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन मात्र पट्टीबद्दल नव्हताच. एका जुन्या पुरवठादाराने बँक खातं बदलल्याचं कळवलं होतं आणि सोबतची पीडीएफ त्यांच्याकडे उघडत नव्हती. "जरा बघता का? आज पेमेंट सोडायचंय." मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बघितलं. मेलच्या वर एक सोडून दोन सूचना होत्या. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी `External` अशी छोटी खूण होती आणि मजकुराच्या माथ्यावर करड्या पट्टीत `You don't often get email from` हे शब्द व पुढे पत्ता. मॅडमनी यातलं काहीच वाचलेलं नव्हतं. त्यात त्यांची चूक आहे असं मला आजही वाटत नाही. दिवसाला ज्याला ऐंशी मेल बाहेरून येतात, त्याला ऐंशी वेळा तीच खूण दिसते, आणि जे सारखं दिसतं ते डोळा गाळून टाकतो.

या दोन सूचना शेजारीशेजारी दिसतात म्हणून त्या एकाच जातीच्या वाटतात. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि त्यातला एकही प्रश्न "हा मेल धोकादायक आहे का?" हा नाही. म्हणून आधी त्या येतात कुठून ते बघू आणि मग मॅडमच्या मेलकडे परत येऊ.

`External` या खुणेचा हिशेब अगदी साधा आहे. ई-मेल पत्त्यात @ च्या पुढे जे असतं ते डोमेन. तुमच्या संस्थेच्या मेल सर्व्हरकडे 'ही आपली डोमेन' अशी एक यादी असते. आलेल्या मेलच्या पाठवणाऱ्याचं डोमेन त्या यादीत नसेल, तर मेल बाहेरचा. संपलं. पाठवणारा कोण आहे, तुमचा त्याच्याशी किती वर्षांचा व्यवहार आहे, मजकुरात काय लिहिलंय, यातलं काहीही या हिशेबात येत नाही. तुमचा सर्वांत मोठा ग्राहक, तुमचे वकील, तुमची बँक आणि काल रात्री नवं डोमेन विकत घेतलेला भामटा, या सगळ्यांना हीच खूण लागते.

मग तिचा उपयोग काय? उपयोग आहे, पण एकाच परिस्थितीत. मेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नाव ज्याला जे हवं ते टाकता येतं, त्याला कुठलाही पुरावा लागत नाही. ई-मेल पोचवण्याचा मूळ नियम १९८२ सालचा आहे, आणि त्यात 'From' या ओळीत जे लिहिलंय ते खरं आहे का हे तपासायची सोयच नव्हती. पाकिटावर एक आणि आतल्या पत्रावर दुसरंच नाव असावं, तसा हा प्रकार. त्यामुळे कोणीही फुकट मेल खातं उघडून नावाच्या जागी तुमच्या संचालकांचं नाव लिहू शकतो आणि "मीटिंगमध्ये आहे, एक काम तातडीने करा" असा मेल टाकू शकतो. मोबाइलवर बहुतेक अ‍ॅप फक्त नाव दाखवतात, पत्ता लपलेला असतो. अशा वेळी संचालकांच्या नावाशेजारी `External` दिसलं की गोष्ट उघडी पडते. तुमचे संचालक तुमच्याच संस्थेच्या पत्त्यावरून लिहितात, मग ते 'बाहेरचे' कसे झाले?

म्हणजे बाहेरच्या माणसावर 'बाहेरचा' असा शिक्का असेल तर त्यातून नवीन काही कळत नाही. आतल्या माणसावर तो शिक्का दिसला तर थांबायचं. मी नव्या लोकांना `External` बद्दल एवढंच सांगतो.

इथे एक गोंधळ मात्र हमखास होतो. पगार, रजा, सर्वेक्षण, प्रशिक्षण यासाठी संस्था बाहेरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरतात. त्यांचे मेल एचआरच्या नावाने येतात, पण सुटतात बाहेरच्या डोमेनवरून, त्यामुळे काही ठिकाणी आतल्याच मेलवर `External` लागतं. लोक विचारतात, मग आम्ही सांगतो, "हो हो, ते आपलंच आहे, दुर्लक्ष करा." असं दोन-चारदा झालं की दुर्लक्ष करायची सवय आम्हीच लावलेली असते. यावर खरा इलाज म्हणजे त्या सेवांना यादीत रीतसर सूट देणं. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये ही खूण चालू करायची आणि सूट द्यायची आज्ञा एकच आहे, `Set-ExternalInOutlook`. पण सूट मोजक्यांनाच द्यावी. ओळखीच्या प्रत्येक कंपनीला ती वाटत सुटलं, तर त्यातल्या एखादीचं खातं चोरीला गेल्यावर भामट्याचा मेलही कोऱ्या चेहऱ्याने आत येतो.

आता दुसरी सूचना. `You don't often get email from` ही ओळ डोमेनची यादी बघत नाही. ती तुमचा इतिहास बघते. या पत्त्यावरून तुम्हाला पूर्वी मेल आलेत का, आणि आले असले तर नेहमी येतात का? पहिल्यांदाच आला असेल किंवा क्वचितच येत असेल तर ही ओळ लागते. मेल अनेकांना गेलेला असेल तर वाक्य थोडं बदलतं, `Some people who received this message don't often get email from` असं होतं. म्हणजे तुमची ओळख असेलही, पण सोबतच्या कुणाची तरी नाही.

यातला महत्त्वाचा शब्द 'पत्ता' हा आहे. यंत्रणा माणसाला ओळखत नाही, अक्षरांच्या एका ओळीला ओळखते. म्हणून खोटे इशारेही बरेच येतात. पुरवठादाराकडे नवा माणूस रुजू झाला, ओळखीच्या कुणी नोकरी बदलली, एखाद्याने ऑफिसऐवजी घरच्या पत्त्यावरून लिहिलं, वर्षातून एकदाच संपर्क करणाऱ्या ऑडिटरचा मेल आला, की ही ओळ दिसणारच. नोकरीचे अर्ज स्वीकारणाऱ्या पत्त्यावर तर जवळजवळ प्रत्येक मेलवर ती असते आणि तिथे तिला काडीचीही किंमत नाही. अनोळखी माणसाचा मेल अनोळखी आहे हे सांगायला यंत्राची गरज नसते.

तिची किंमत उलट बाजूने आहे. मेल वाचताना तुम्हाला वाटतंय की हा ओळखीचा माणूस आहे, आणि यंत्र म्हणतंय की मी या पत्त्याला ओळखत नाही. दोघांपैकी कुणीतरी चुकतंय. तुमची आठवण नाव, सही, लिहिण्याची ढब यांवर चालते. यंत्राची आठवण पत्त्यातल्या एकेका अक्षरावर चालते. अक्षरांच्या बाबतीत यंत्र सहसा चुकत नाही.

मॅडमच्या मेलमध्ये नेमकं हेच घडत होतं.

मी मॅडमना विचारलं, "यांच्याशी तुमचा व्यवहार किती वर्षांचा?" म्हणाल्या, "तीन तरी. दर महिन्याला बिल येतं." "मग इथे असं का लिहिलंय, की यांचा मेल तुम्हाला सहसा येत नाही?" त्या पहिल्यांदा स्क्रीनकडे वाकल्या. खाली तर सगळी जुनी साखळी होती. अकरा मेल, त्यात मॅडमची स्वतःची उत्तरंसुद्धा. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, खालची सही तीच, अगदी त्या माणसाची वाक्याच्या शेवटी दोन टिंबं देण्याची सवयसुद्धा तीच.

पुरवठादाराचं खरं नाव इथे देत नाही, पण फसवणुकीची जात कळावी म्हणून तसंच एक बनावट नाव घेऊ. समजा खरा पत्ता असा होता:

```
accounts@modern-parts.example
```

आणि आलेल्या मेलचा असा:

```
accounts@modem-parts.example
```

दोन्ही एकदा वाचले तर सारखेच वाटतात. आता पहिल्यात `r` आणि `n` वेगवेगळे आहेत का, आणि दुसऱ्यात त्यांच्या जागी एकच `m` आहे का, ते बघा. बारीक टाइपात, मोबाइलच्या काचेवर, चहाचा कप हातात धरून वाचणाऱ्याला हा फरक दिसणं अवघड आहे. भामट्यांना ते माहीत असतं, म्हणून ते असंच जुळं डोमेन शोधून विकत घेतात.

मी मेलचा हेडर उघडला. हेडर म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवरून कसा आला याची नोंदवही, जी एरवी लपलेली असते. डेस्कटॉपवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून फाइल मेन्यूतल्या `Properties` मध्ये ती सापडते, जीमेलमध्ये तीन टिंबांखालच्या `Show original` मध्ये. त्यातला कामाचा भाग साधारण असा दिसतो:

```
Authentication-Results:
  spf=pass smtp.mailfrom=modem-parts.example;
  dkim=pass header.d=modem-parts.example;
  dmarc=pass header.from=modem-parts.example
```

तीनही ठिकाणी `pass`. इथे भलेभले फसतात. मॅडमच्या शेजारच्या सहकाऱ्याने खांद्यावरून डोकावून म्हटलंच, "अहो, सगळं पास आहे की! म्हणजे मेल खरा आहे."

मेल खरा आहे हे बरोबर, पण कुणाचा? या तीन तपासण्या १९८२ च्या त्या उणिवेवरचा उतारा म्हणून नंतर आल्या. एसपीएफ विचारतं की या डोमेनच्या मालकाने ज्या सर्व्हरना मेल पाठवायची परवानगी दिलीय, त्यातल्याच एकावरून हा आला का. डीकेआयएम मेलवर एक गणिती सही करतं, तिच्यावरून वाटेत मजकूर बदलला नाही हे कळतं. डीमार्क बघतं की या दोहोंपैकी किमान एकाने ज्या डोमेनची खात्री दिली, तेच डोमेन वाचणाऱ्याला 'From' मध्ये दिसतंय ना. तिन्ही मिळून एकच गोष्ट सिद्ध होते, ती म्हणजे हा मेल खरोखर `modem-parts.example` च्या मालकाच्या परवानगीने सुटलाय. तो मालकच भामटा असेल तर त्याचा मेल पास होणारच. डोमेन त्याचं, सर्व्हर त्याचा, सही त्याची. ओळखपत्र अस्सल आहे, फक्त त्यावरचा माणूस आपला नाही.

दुसऱ्याचं डोमेन जसंच्या तसं वापरून मेल टाकणं आता अवघड झालंय, कारण फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आणि एकूणच लोकांनी आपली दारं नीट लावून घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे भामटे जुळ्या डोमेनकडे वळतात. तिथे कुठलंच कुलूप फोडावं लागत नाही, आणि अशा वेळी मेलच्या तोंडावर दिसणारा एकुलता एक खरा सुगावा म्हणजे ती करडी ओळ.

मॅडमनी जुन्या बिलावरचा नंबर शोधून फोन लावला. आलेल्या मेलखालच्या सहीतला नंबर मुद्दाम वापरला नाही, कारण तो भामट्याने बदललेला असू शकतो. या मेलमध्ये खरंच एक आकडा वेगळा होता. पलीकडच्या गृहस्थांनी खातं बदललेलंच नव्हतं. पैसे गेले नाहीत.

पण जुनी साखळी त्या भामट्याकडे आली कशी? पुढच्या दोन दिवसांत पुरवठादाराच्या बाजूला उत्तर सापडलं. त्यांच्या एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीला गेला होता आणि त्याच्या मेलपेटीत एक नियम गुपचूप घातलेला होता. 'बिल' किंवा 'पेमेंट' असे शब्द असलेला मेल आला की तो वाचलेला म्हणून खूण करून `RSS Feeds` या फोल्डरमध्ये टाकायचा. ते फोल्डर कोण उघडतं? कुणीच नाही. म्हणूनच ते निवडतात. भामट्याला तिथे बसून महिनाभराचा व्यवहार वाचता आला, आणि कधी, कुणाला, किती रकमेबद्दल लिहायचं हे त्याने तिथूनच उचललं.

मग एक प्रश्न राहतो, आणि तो मॅडमनीच विचारला. त्याच्याकडे खरी मेलपेटी होती, तर तिथूनच का नाही लिहिलं? कारण मूळ मालक कधीही 'पाठवलेले' फोल्डर बघू शकतो, मॅडमचं उत्तर त्याच्या नजरेस पडू शकतं, आणि पासवर्ड बदलला गेला की सगळा खेळ संपतो. जुळ्या डोमेनवर संभाषण वळवलं की मूळ माणूस चित्रातूनच बाहेर जातो. शांतपणे हवा तितका वेळ बोलता येतं.

पण काही जण तो धोका पत्करतात आणि खऱ्या मेलपेटीतूनच लिहितात. आणि इथे या पट्ट्यांची हद्द संपते. मेल खऱ्या पत्त्यावरून आलेला असतो, त्या पत्त्याशी तुमचा तीन वर्षांचा इतिहास असतो, म्हणून करडी ओळ लागत नाही. `External` लागतं, पण ते तर एरवीही लागतच होतं. आणि तुमच्याच संस्थेतल्या सहकाऱ्याचं खातं चोरीला गेलं असेल तर तेही लागत नाही, कारण तो मेल लॉगिन करून आतूनच सुटलेला असतो. हेडरमध्ये त्याच्यापुढे असं लिहिलेलं असतं:

```
X-MS-Exchange-Organization-AuthAs: Internal
```

यंत्राच्या लेखी सगळं आलबेल. म्हणून आमच्याकडे आता नियम असा केलाय की बँक खातं बदलल्याचा कुठलाही मेल आला, पट्टी असो वा नसो, जुन्या कागदावरच्या नंबरवर फोन झाल्याशिवाय ते खातं प्रणालीत घालायचं नाही. पट्टी नाही म्हणून मेल निर्धोक, असं मानणारा माणूस पट्टीकडे दुर्लक्ष करणाऱ्यापेक्षा जास्त अडचणीत येतो असं माझं निरीक्षण आहे.

करडी ओळ चुकवण्याची आणखी एक साधी युक्ती आहे. भामटा आधी ओळख करून घेतो. "नमस्कार, आमचा पत्ता बदललाय, हा मेल मिळतोय ना?" एवढंच. ना लिंक, ना पैसे. तुम्ही सौजन्याने "हो, मिळाला" लिहिता. असे दोन-चार मेल झाले की यंत्राच्या दृष्टीने तुमची ओळख झाली, आणि महिन्याने खात्याचा मेल येतो तेव्हा सूचना नसते. त्यामुळे ही ओळ खऱ्या अर्थाने कामाची असते ती पहिल्याच मेलला, तो कितीही निरुपद्रवी दिसत असला तरी.

आता पट्टी बसते कुठे याबद्दल थोडं, कारण यात एक गंमत आहे आणि एक धोकाही.

पूर्वी, आणि बऱ्याच ठिकाणी आजही, मेल सांभाळणारी मंडळी सर्व्हरवर एक नियम लावतात. बाहेरचा मेल आला की विषयाच्या आधी `[EXTERNAL]` लिहायचं किंवा मजकुराच्या डोक्यावर ती पिवळी चौकट चिकटवायची, त्यात `CAUTION: This email originated from outside of the organization` असा मजकूर. म्हणजे ती पट्टी मेलच्या पोटात असते. २०२१ मध्ये आउटलुकने दुसरा मार्ग दिला. खूण मजकुराला न लावता मेलच्या नोंदीत ठेवायची आणि अ‍ॅपने ती स्वतःच्या चौकटीत दाखवायची. जीमेलच्या संस्थांसाठीच्या आवृत्तीतलं `External` लेबलही असंच पाठवणाऱ्याजवळ, मजकुराच्या बाहेर दिसतं.

पोटातल्या पट्टीचे त्रास बरेच. यादीत मेलची पहिली ओळ दिसते तिथे सगळीकडे 'सावधान, सावधान' एवढंच दिसतं, मेल कशाबद्दल आहे ते कळत नाही. संभाषण पाच-सहा वेळा इकडून तिकडे गेलं की चौकटींची उतरंड तयार होते. आणि सर्व्हरने मजकुरात लुडबुड केली की डीकेआयएमची गणिती सही मोडते, त्यामुळे तो मेल पुढे दुसरीकडे पाठवला तर तिथे तो संशयास्पद ठरू शकतो.

करडी ओळही पोटातच घातली जाते, आणि त्यातून एक अवघडलेला प्रसंग आमच्याकडे झाला. एका सहकाऱ्याने नव्या ग्राहकाला उत्तर दिलं. उत्तराखाली ग्राहकाचा मूळ मेल जोडलेला होता आणि त्याच्या माथ्यावर आमच्या यंत्राची टिप्पणी, की या पत्त्यावरून तुम्हाला सहसा मेल येत नाही. ग्राहकाने विचारलं, "म्हणजे आमच्यावर संशय आहे का तुमचा?" समजूत काढायला तीन फोन लागले.

धोका तो असा. मेलचा मजकूर ही वेबपानासारखी गोष्ट असते. पाठवणारा त्यात रंग, अक्षरांचा आकार, काय दिसावं आणि काय दिसू नये हे ठरवू शकतो. पट्टी त्याच पानात घुसवली असेल, तर पाठवणाऱ्याच्या सूचना तिलाही लागू पडू शकतात. ऑस्ट्रियातल्या सर्टिट्यूड या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे करून दाखवलं. आउटलुकची ती करडी ओळ त्यांनी पांढऱ्यावर पांढरी करून नाहीशी केली. सूचना तिथे होती, फक्त दिसत नव्हती. उलटही करता येतं. भामटा मजकुरात स्वतःच हिरवी चौकट काढून 'हा पाठवणारा तपासलेला आहे' असं लिहू शकतो.

चौकट अ‍ॅपची आहे की मेलच्या पोटातली, हे ओळखायला 'उत्तर द्या' दाबून खाली जोडलेला मजकूर बघा. चौकट तिथे आली असेल तर ती पोटातली होती. अ‍ॅपची स्वतःची खूण उत्तरात कधीच येत नाही. उत्तर पाठवायचं मात्र नाही, खिडकी बंद करा. हिरवी, 'सुरक्षित आहे' म्हणणारी चौकट अशी पोटात सापडली तर मी ती धोक्याचीच खूण मानतो, कारण आमची यंत्रणा कुणाला असं प्रशस्तिपत्र देतच नाही.

लाल पट्ट्यांचा प्रकार वेगळा. जीमेलमध्ये `This message seems dangerous` असं लिहून येतं तेव्हा यंत्राने मजकूर, लिंक आणि इतरांच्या तक्रारी बघून मत दिलेलं असतं. तो निकाल आहे, नुसती ओळखीची नोंद नाही, आणि तिथे लिंकला हात लावू नये. पाठवणाऱ्याच्या चित्राजागी प्रश्नचिन्ह दिसलं तर त्याचा अर्थ वरच्या तपासण्यांमध्ये पाठवणाऱ्याची खात्री पटली नाही एवढाच, जीमेलमध्ये ते २०१६ पासून आहे. आउटलुकच्या पैसे भरून घ्यायच्या संरक्षणात आणखी एक ओळ असते, `This sender appears similar to someone who previously sent you email, but may not be that person.` ही मिळाली तर सोनं. आमच्या प्रकरणात ती लागलेली नव्हती.

मॅडम आता मोबाइलवर मेल आला की पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडतात. खातं, रक्कम किंवा पासवर्ड यातलं काही मजकुरात असेल तर पत्त्याचा @ नंतरचा भाग उलटीकडून, शेवटच्या अक्षरापासून मागे वाचतात. सरळ वाचताना डोळा ओळखीचा शब्द पुरा करून टाकतो, उलट वाचताना त्याला प्रत्येक अक्षरावर थांबावं लागतं. ही युक्ती मी त्यांना शिकवलेली नाही. मी त्यांच्याकडून घेतली.